तेलकट म्हणून नोंदलेला गाल

तुमच्याच गालाचा, बाकी चेहरा वगळून अगदी जवळून काढलेला फोटो तुमच्यापुढे ठेवला, तर तो तुमचा आहे हे तुम्हाला ओळखता येईल का?

घाईने हो म्हणू नका. मीही म्हटलं असतं. माझा गाल माझ्यापुढे दोनदा आला, दोन्ही वेळा मी त्याला परक्यासारखं पाहिलं आणि दोन्ही वेळा चुकीचं उत्तर दिलं. त्या चुकीची किंमत मला मोजावी लागली नाही. ती एका बाईला मोजावी लागली, जिला बसून करायचं काम मोठ्या मुश्किलीने मिळालं होतं.

चेन्नईत मी आले ती नोकरीसाठी. एग्मोर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका ट्रॅव्हल एजन्सीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चौदा जणांची एक खोली, पडदे कायम ओढलेले, एसी इतका जोरात की मुली ओढणी डोक्यावरून घेऊन बसायच्या. काम एका ओळीत सांगता येतं. स्क्रीनवर कातडीचा फोटो यायचा. कपाळ, नाक, हनुवटी किंवा गाल. आपण ठरवायचं: तेलकट, कोरडी की मिश्र. बटण दाबलं की पुढचा फोटो. आमच्या या उत्तरांवरून एका कंपनीचं मोबाइल ॲप शिकत होतं. पुढे लोक त्यात स्वतःचा फोटो टाकणार आणि ॲप त्यांना सांगणार की तुमची त्वचा अमुक प्रकारची, म्हणून तमुक फेसवॉश घ्या.

मला कातडीतलं काय कळत होतं? काही नाही. खोलीतल्या तेरा जणांना काही कळत नव्हतं. आम्हाला सोळा पानांची एक सूचना-पुस्तिका दिली होती आणि तिच्यातलं आम्ही एकच वाक्य पाठ केलं होतं: पृष्ठभागावर चमक दिसल्यास तेलकट.

चौदावी होती अक्का.

वय पन्नाशीचं, केसांत मोगरा, पायांत पट्ट्यांची चप्पल जी ती टेबलाखाली काढून ठेवायची. टी. नगरमध्ये एका साड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिने अठरा वर्षं ब्यूटी पार्लरमध्ये काम केलं होतं. ती इमारत पाडली तेव्हा पार्लर गेलं. दुसरीकडे मिळालं असतं, पण अक्काच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या. दोन तास उभी राहिली की घोटे सुजून चप्पल चढत नसे. डॉक्टरांनी उभ्याचं काम बंद करायला सांगितलं होतं. तिच्या भाचीने कुठूनतरी आमच्या ऑफिसची जाहिरात शोधून दिली आणि अक्का खुर्चीवर बसली.

पहिल्या दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते ते तिने ऐकलं. फोन ठेवल्यावर ती हसून म्हणाली, "तू मराठी काय मा? टीव्हीतली मराठी बोलतेस."

ती तंजावरकडची. घरी मराठी, बाहेर तमिळ. तिची मराठी माझ्या कानाला एखाद्या जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखी वाटायची, मध्येमध्ये तमिळ शब्द आणि हेल घेऊन. "मज सांग", "तुज काय ठाऊक" असं ती सहज बोलायची आणि वाक्याच्या शेवटी "सेरी?", म्हणजे "बरं?", विचारायची. मला ती लाडाने कण्णु म्हणायची, तमिळमध्ये डोळा. मी तिला अक्का म्हणायचे, खोलीतले सगळेच म्हणायचे.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात भिंतीवर गुणांचा तक्ता लागला. आम्हाला येणाऱ्या फोटोंमध्ये मधूनमधून काही फोटो असे असायचे की ज्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असे. त्यांना गोल्ड म्हणत. कुठला फोटो गोल्ड आहे हे आपल्याला कळत नाही. आपलं उत्तर त्याच्याशी जुळलं तर गुण, नाही जुळलं तर वजा. अशा रीतीने कोण नीट काम करतंय ते वरच्यांना समजतं, अशी कल्पना. तीनदा इशारा मिळाला की घरी.

माझा आकडा सत्त्याण्णव. अक्काचा त्र्याहत्तर, आणि सोबत पहिला इशारा.

"ऐयो, नापास," ती म्हणाली आणि डबा उघडला. त्या दिवशी जेवताना मी तिला समजावायला गेले. पुस्तिका कशी वाचायची, चमक कशी शोधायची. ती दहीभात खात ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझा फोन दे. टॉर्च लाव. आता माझ्या नाकाचा फोटो काढ."

मी काढला. नाकाच्या शेंड्यावर पांढराफेक ठिपका.

"हें काय? तेल?"

"चमक आहे ना."

"हा तुझा टॉर्च आहे मा. नाक पुढे आलंय, तिथेच उजेड आपटला. बघ, कडा कशी कापल्यासारखी आहे. हा ठिपका आधी डोळ्याने पुसून टाक, मग कातडी बघ. आणि आपण काळे लोक. गोऱ्या गालावर हा ठिपका मिसळून जातो, आपल्यावर कंदिलासारखा दिसतो. म्हणून सगळी काळी माणसं तेलकट का?"

त्यानंतर रोज जेवणाच्या अर्ध्या तासात ती मला शिकवू लागली. मला वाटायचं मी तिचा आकडा वाढवायला मदत करतेय. खरं तर माझीच शाळा चालू होती.

घाम वेगळा, ती सांगायची. घामाचे थेंब सुटे असतात, कातडीवर उभे राहतात, ओठाच्या वर आणि केसांच्या कडेला दाटतात. चेन्नईत मे महिन्यात घामाशिवाय चेहरा आणणार कुठून? सनस्क्रीन किंवा खोबरेल लावलं असेल तर चमक सगळीकडे सारखी पसरते, गालावरची बारीक लव चिकटून आडवी पडते, भुवईच्या मुळाशी आणि नाकाच्या खाचेत ते साचून राहतं. खरी तेलकट कातडी चमकते ती तुटक, बारीक बारीक कणांनी, आणि त्या कणांच्या मधोमध छिद्रं असतात, रुंद तोंडाची, गोल, काही बुजलेली. चमक नंतर बघ, छिद्रं आधी.

"आणि कोरडी?"

"कोरडी दोन तऱ्हेची दिसते. एक साधी. निस्तेज, पांढुरकी, बारीक सालपटं, त्यांच्या कडा उचललेल्या. ती तुज पण ओळखता येते. दुसरी फसवते." तिने डब्यातल्या कांद्याचं वरचं पातळ साल काढून ट्यूबलाइटखाली धरलं. ते लखलखलं. "ह्यात तेल आहे का? ताणलं की चमकतं. पोरी दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुतात, कातडी आवळून बसते आणि अशी चमकते. मग म्हणतात, आण्टी, तोंड तेलकट झालं. अजून धुतात. अजून चमकते. फोटो मोठा करून बघ, चमकीच्या आत बारीक रेघा दिसतील, एकीला लागून एक. छिद्रं जवळजवळ दिसणार नाहीत. ती कोरडी."

मिश्रबद्दल ती चिडायची. "नुसत्या नाकाचा फोटो देतात आणि विचारतात मिश्र का! नाक सगळ्यांचंच गालापेक्षा तेलकट. कपाळ आणि नाक एकीकडे, गाल दुसरीकडे, दोन्ही एका दिवशी, एका उजेडात दाखव, मग सांगते. एका फोटोवरून मिश्र सांगणारा ज्योतिषी."

स्क्रीनवर चौथं बटणही होतं: सांगता येत नाही. अक्का ते मोकळेपणाने वापरायची. तिचे गुण तिथेही जायचे, कारण गोल्डमध्ये "सांगता येत नाही" असं एकही उत्तर नव्हतं.

मी हे सगळं शिकले आणि एका गोष्टीत बदल केला नाही. कामाच्या वेळी चमक दिसली की मी तेलकटच दाबत राहिले. कारण आकडा. मी स्वतःला समजावलं होतं की माझी जागा टिकली तरच मी काही बोलू शकेन.

अक्काला दुसरा इशारा मिळाला तेव्हा मी बोलायचं ठरवलं.

माझे वडील रेल्वेत होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. मी अक्षरं शिकले ती गुलाबी कागदावरच्या मागण्या वाचत, आणि सुट्टीत आम्ही भावंडं जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. अन्याय दिसला की तो मुद्देसूद लिहायचा, खाली मागणी लिहायची, वर पाठवायचं, आणि मग काहीतरी हलतं, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. मी दोन पानांचं पत्र लिहिलं. चमक म्हणजे तेल हे का चूक आहे, गोल्डची उत्तरं कुणी ठरवली, कोरडी कातडी तेलकट ठरली तर लोकांना कुठला साबण विकला जाईल. पुरावा म्हणून, अक्काला इशाऱ्यासोबत मिळालेली, तिच्या चुकीच्या ठरवलेल्या उत्तरांची यादी जोडली. शेवटी तीन मागण्या.

अक्काला दाखवलं. तिने वाचलं नाही, नुसतं हातात धरलं. "नको कण्णु. मज खुर्ची आहे, गार एसी आहे. अजून एक इशारा बाकी आहे. मी आता तुझ्यासारखं दाबत जाईन. चमकलं की तेलकट. सेरी?"

"अक्का, पण हे खोटं आहे."

"खोटं आहे तर माझं बोट खोटं बोलेल. पाय तर खरे आहेत ना?"

मी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी ते पत्र आमच्या टीम लीडला पाठवलं आणि त्याच्या वरच्यांनाही.

टीम लीड तिशीचा, मदुराईचा, वाईट माणूस नव्हता. पावसात अडकलेल्या मुलींना तो स्वतः रिक्षा बघून द्यायचा. दुपारी त्याने आम्हा दोघींना काचेच्या खोलीत बोलावलं. त्याचं इंग्रजी भरभर चालायचं, मध्ये तमिळ.

"हे बघ मा," तो मला म्हणाला, "तू लिहितेस छान. पण एक फोटो घेऊन बोलू. अक्का ज्यात चार वेळा चुकल्या तो."

त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. एक गाल. ओला, झळझळीत, मध्यभागी मोठा पांढरा डाग. गोल्डचं उत्तर तेलकट. अक्काने चारही वेळा कोरडी दाबलं होतं.

"हे तेलकट नाही?" तो म्हणाला. "ह्यात तर डोसा भाजता येईल."

अक्का हसली नाही. ती खुर्चीतून पुढे वाकली आणि मग माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या डाव्या कानाखाली कांजिण्यांचा एक खड्डा आहे आणि त्याच्या शेजारी दोन तीळ. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. खड्डा. तीळ. तीळ.

"हिचाच गाल आहे," ती म्हणाली.

मला आठवलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीकडून फोटो आलेच नव्हते. सराव म्हणून आम्हाला एकमेकांचे फोटो काढायला लावले होते, टॉर्च लावून, अगदी जवळून. मी त्या दिवशी भर उन्हात बसमध्ये उभी राहून आले होते, चेहऱ्यावर सनस्क्रीनचा थर, त्यावर घाम. कंपनीच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर एका दुपारीत त्या सगळ्या फोटोंना उत्तरं दिली. पुढे त्या फोटोंचं काय झालं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांचं गोल्ड झालं होतं.

आणि माझी कातडी कोरडी आहे. लहानपणापासून. त्या एसीत माझ्या गालांची सालपटं निघायची, टेबलाच्या खणात क्रीमची बाटली असायची, अक्का रोज मला ती लावताना बघायची. तिने फोटोत मला ओळखून ते उत्तर दिलं नव्हतं, हे तिने नंतर सांगितलं. तिने घाम वजा केला, टॉर्चचा डाग वजा केला, सनस्क्रीनने चिकटवलेली लव पाहिली, आणि खाली उरल्या त्या रेघा वाचल्या.

मी उभी राहिले. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरच्यांनी माना वळवल्या. "सर, हा माझा गाल आहे. मी सांगते ना, कोरडा आहे. ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे? गोल्ड चुकीचं आहे."

त्याने एक यादी उघडली, खाली सरकवली आणि थांबला. माझं नाव. हाच फोटो. माझं उत्तर: तेलकट. त्याखाली पुन्हा, तीन आठवड्यांनी: तेलकट.

"गालाची मालकीण स्वतः तेलकट म्हणतेय," तो म्हणाला. त्याला खरंच हसू आलं होतं, आणि ते दाबायचा तो प्रयत्न करत होता. "दोनदा. मी कुणाचं ऐकू मा?"

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. पाहिलंच नाही, असं काहीतरी. चमक दिसली म्हणून दाबलं. तो ऐकत राहिला आणि मग थकल्यासारखा सांगू लागला. एक गोल्ड बदललं तर सगळ्यांचे तीन महिन्यांचे आकडे पुन्हा काढावे लागतील. आकडे बदलले तर पाठवलेलं काम परत येईल. कंपनीने गोल्डवर सही केलीय, त्याला आता कुलूप आहे. "आणि तू पत्र माझ्या वर पाठवलंस. मला आधी विचारलं असतंस तर मी ते खणात ठेवलं असतं."

पत्र खणात राहिलं नाही. ते कंपनीकडे गेलं. कंपनीने त्यातला चमकेचा मुद्दा वाचला की नाही हे मला कधी कळलं नाही. त्यांनी जोडलेला पुरावा मात्र नीट वाचला: एक कामगार गोल्डशी सातत्याने जुळत नाही. तिला प्रकल्पातून काढावं. तिसऱ्या इशाऱ्याची वाट पाहायची गरज उरली नाही. पुरावा मीच तारखांसह व्यवस्थित लावून दिला होता.

शुक्रवारी अक्काने टेबलाखालची चप्पल पायांत सरकवली. मी म्हटलं, मीही राजीनामा देते. ती म्हणाली, "कशाला? तू गेलीस तर मज खुर्ची परत देतील का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. खाली रस्त्यापर्यंत मी तिची पिशवी धरून गेले. बस येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "दोनदा पाहिलास आणि तुज तुझा गाल कळला नाही, काय?" आणि बसमध्ये चढली.

मी राजीनामा दिला नाही. आणखी दोन महिने राहिले. आता खोलीत "सांगता येत नाही" दाबणारं कुणी नव्हतं, म्हणून ते बटणच काढून टाकलं. माझा आकडा अठ्ठ्याण्णव झाला. काही दिवस मी मुद्दाम खरी उत्तरं देऊन पाहिली. आकडा एकोणनव्वदवर आला तेव्हा मी पुन्हा चमक बघू लागले. पत्रकांच्या घड्या घालत वाढलेल्या मुलीला गप्प करायला नऊ गुण पुरले.

ॲप बाजारात आलं त्या आठवड्यात मी दुसरी नोकरी धरली. निघण्याआधी ते फोनमध्ये घेतलं आणि बसमधून उतरल्या उतरल्या, घामेजलेल्या चेहऱ्याचा फोटो काढला. तेलकट. खाली फेसवॉशचं चित्र, दिवसातून तीनदा वापरा.

अक्का पुन्हा टी. नगरमध्ये उभी राहते. दुसरं पार्लर, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी गेले तेव्हा ती एका मुलीच्या भुवया करत होती, दाताखाली दोरा, एक पाय दुसऱ्यावर टेकवून. घोट्यांना क्रेप बँडेज. मला पाहून तिने भुवई उडवली, म्हणजे बस.

मुलगी कॉलेजची असावी. भुवया झाल्यावर तिने फोन काढला. "आण्टी, माझी स्किन ऑयली आहे. ह्यात दाखवलंय. बघा."

माझंच ॲप. अक्काने फोनकडे पाहिलं नाही. तिने मुलीचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि गाल पाहिला. "किती वेळा धुतेस?"

"चार. कधी पाच."

"ओढल्यासारखं होतं ना?"

"हो. म्हणजे तेल निघालं असणार ना?"

अक्काने तिला साध्या पाण्याने तोंड धुवायला लावलं, टॉवेलने टिपलं, काही लावू दिलं नाही आणि खिडकीपाशी बसवून ठेवलं. अर्ध्या तासाने टिश्यूचा एक पापुद्रा तिच्या गालावर दाबला, दुसरा कपाळावर, तिसरा नाकावर. उजेडासमोर धरले. नाकाच्या कागदावर तेलाचा पुसट डाग. गालाचा आणि कपाळाचा कोरा.

"दिसलं? तू कोरडी आहेस. साबण कमी कर."

मुलीने कागद पाहिले, फोन पाहिला, पुन्हा कागद पाहिले. "पण आण्टी, ह्यात तर लाखो फोटो आहेत ना," ती म्हणाली. नम्रपणे म्हणाली. पर्स उचलली आणि गेली. जाताना जिन्यात ती मैत्रिणीला फोनवर फेसवॉशचं नाव विचारत होती, ते आम्हा दोघींना ऐकू आलं.

अक्का भिंतीला टेकली. "बसू का दोन मिनिटं?" तिने मालकिणीला विचारलं. मालकीण म्हणाली, पुढचं गिऱ्हाईक आलंय.

मला आता कुठल्या खोलीत जाऊन बोलायचा अधिकार उरलेला नाही. मी बोलले तेव्हा काय झालं ते मी वर लिहिलंय. गोल्डला कुलूप आहे, त्यातला माझा गाल आजही कुणालातरी नापास करत असेल, आणि अक्काला खुर्ची परत मिळेल असं मला वाटत नाही. तरीही तुमच्याकडे एक मागणं आहे, कारण त्या ॲपमध्ये तुमचा आवाज जातो, आमचा जात नाही. तुमच्या फोनने, किंवा तुमच्या मुलीच्या फोनने, चेहरा तेलकट ठरवला तर साबण घेण्याआधी साध्या पाण्याने तोंड धुवा. काही लावू नका. अर्धा तास पंख्याखाली थांबा, घाम येऊ देऊ नका. कपाळ, नाक आणि दोन्ही गालांवर पातळ कागद दाबून उजेडात धरा. कागद कोरा निघाला तर निकालाच्या तळाशी, बारीक अक्षरात, "हा निकाल चुकीचा वाटतो" असं काहीतरी लिहिलेलं असेल. ते शोधा. दाबा. आणि कारण विचारलं की लिहा: ही चमक तेलाची नाही.